बाँडवरचा डिस्काउंट किंवा प्रीमियम प्रभावी व्याज पद्धतीने कसा वाटावा

कंपनीने १,००,००० दर्शनी मूल्याचा बाँड काढला आणि हातात आले ९४,९२४. मधल्या ५,०७६ चं, म्हणजे डिस्काउंटचं, वहीत काय करायचं? पहिल्याच दिवशी तोटा म्हणून टाकायचे नाहीत, कारण तोटा झालेलाच नाही. बाजार १० टक्के व्याज मागत होता आणि बाँडवर ८ टक्केच छापले होते, म्हणून गुंतवणूकदारांनी किंमत पाडून फरक वसूल केला. म्हणजे हे ५,०७६ व्याजच आहे, फक्त ते मुदतीच्या शेवटी एकदम द्यायचं आहे. ते कोणत्या कालावधीच्या खर्चात किती धरायचं, हे प्रभावी व्याज पद्धत ठरवते.

हाच बाँड पूर्ण सोडवू. मुदत ३ वर्षं, कूपन म्हणजे बाँडवर छापलेलं व्याज वर्षाला ८ टक्के, दर सहा महिन्यांनी देय. बाजाराचा दर १० टक्के, तोही सहामाही चक्रवाढीने.

आधी सगळं एका कालावधीच्या मापात आणा. कूपन सहामाही असेल तर कालावधी ६, दर ५ टक्के आणि प्रत्येक कूपन ४,००० होतं. वार्षिक १० टक्के दर सहामाही रकमेला लावणं ही या कामातली सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे. एक बारकावाही लक्षात ठेवा. दर सहामाही चक्रवाढीचा सांगितला असेल तरच तो निम्मा करायचा. तो वर्षाचा परिणामी दर म्हणून दिला असेल, तर सहामाही दर ५ नव्हे, सुमारे ४.८८ टक्के निघतो.

मग सुरुवातीची रक्कम आणि दर एकमेकांशी जुळतात का ते पाहा. सहा कूपनांचं ५ टक्क्यांनी आजचं मूल्य २०,३०३ आणि शेवटी मिळणाऱ्या १,००,००० चं ७४,६२२ येतं. दोन्हींची बेरीज पूर्णांकात ९४,९२४ होते (एकाचा फरक पूर्णांकाचा). जुळलं. प्रत्यक्षात मात्र बाँड काढण्याचा खर्चही असतो. आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे बाँड परिशोधित मूल्यावर, म्हणजे बाजारभावाऐवजी याच पद्धतीने काढलेल्या मूल्यावर ठेवलेला असेल, तर असा थेट खर्च मिळालेल्या रकमेतून वजा होतो आणि दर नव्याने काढावा लागतो. समजा, खर्च १,००० आहे. मग सुरुवात ९३,९२४ पासून होईल, आणि दर स्प्रेडशीटमध्ये असा मिळेल:

```
=RATE(6,-4000,93924,-100000)
```

उत्तर सुमारे ५.२०५ टक्के येतं. खर्च वजा करायचा पण दर ५ टक्केच ठेवायचा, असं केलं तर तक्ता शेवटी १,००,००० वर पोहोचतच नाही. पुढच्या आकड्यांत सोपेपणासाठी खर्च शून्य धरला आहे.

आता तक्ता मांडा. दर कालावधीला तीनच गोष्टी करायच्या. सुरुवातीच्या पुस्तकी मूल्याला ५ टक्क्यांनी गुणलं की व्याजखर्च मिळतो. त्यातून ४,००० कूपन वजा केलं की त्या कालावधीत उतरलेला डिस्काउंट मिळतो. तो पुस्तकी मूल्यात मिळवला की पुढच्या कालावधीची सुरुवात तयार.

| कालावधी | सुरुवातीचं मूल्य | व्याजखर्च | उतरलेला डिस्काउंट | अखेरचं मूल्य |
|---|---|---|---|---|
| १ | ९४,९२४ | ४,७४६ | ७४६ | ९५,६७० |
| २ | ९५,६७० | ४,७८४ | ७८४ | ९६,४५४ |
| ३ | ९६,४५४ | ४,८२३ | ८२३ | ९७,२७७ |
| ४ | ९७,२७७ | ४,८६४ | ८६४ | ९८,१४१ |
| ५ | ९८,१४१ | ४,९०७ | ९०७ | ९९,०४८ |
| ६ | ९९,०४८ | ४,९५२ | ९५२ | १,००,००० |

पहिल्या कूपनाच्या दिवशीची नोंद अशी: व्याजखर्च खाते नावे ४,७४६, रोख खाते जमा ४,०००, बाँड डिस्काउंट खाते जमा ७४६.

तक्ता बरोबर आहे का, हे शेवटच्या ओळीपर्यंत न थांबताही कळतं. उतरलेल्या डिस्काउंटचा रकाना बघा. ७४६ ला १.०५ ने गुणलं की ७८३, आणि पूर्णांकाचा फरक सोडला तर तेच तक्त्यात आहे. यामागचं कारणही साधं आहे. मूल्य ७४६ ने वाढलं म्हणून पुढचं व्याज ७४६ च्या ५ टक्क्यांनी वाढतं. कूपन मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे ती वाढ पूर्णपणे डिस्काउंटच्या रकान्यात उतरते. हे गुणोत्तर मध्येच मोडलं तर त्या ओळीत चूक आहे. गुणोत्तर टिकलं, पण शेवट १,००,००० वर आला नाही, तर सुरुवातीची रक्कम किंवा दर चुकला आहे. काही एककांचा फरक पूर्णांकांमुळे पडतो. तो शेवटच्या कालावधीच्या व्याजात मिळवून टाकतात.

समान वाटणी का नको? ५,०७६ ला ६ ने भागून दर वेळी ८४६ उतरवणं नक्कीच सोपं आहे. पण मग व्याजखर्च दर वेळी ४,८४६ राहतो आणि कर्जाचं पुस्तकी मूल्य मात्र वाढत जातं. पहिल्या सहामाहीत दर ५.११ टक्के दिसतो, शेवटच्या सहामाहीत ४.८९. कर्ज तेच, अटी त्याच, तरी वहीत ते स्वस्त होत गेल्यासारखं दिसतं. माझ्या मते समान वाटणी नाकारायला एवढं कारण पुरेसं आहे. अमेरिकेच्या लेखा नियमांत फरक नगण्य असेल तर ती चालते, पण मुदत लांब आणि डिस्काउंट मोठा असला की फरक नगण्य राहत नाही.

प्रीमियमचं गणितही हेच, दिशा तेवढी उलटी. बाजाराचा दर ६ टक्के असता तर याच बाँडला १,०५,४१७ मिळाले असते. सहामाही दर ३ टक्के, म्हणून पहिला व्याजखर्च ३,१६३. कूपन ४,००० असल्याने ८३७ प्रीमियम उतरतो आणि मूल्य १,०४,५८० होतं. पुढच्या सहामाहीत व्याज ३,१३७ वर येतं आणि प्रीमियम ८६३ उतरतो. इथे बरेच जण गोंधळतात. प्रीमियममध्ये व्याजखर्च घटत जातो म्हणून उतरणारी रक्कमही घटेल असं वाटतं, पण ती डिस्काउंटसारखी इथेही वाढतच जाते, यावेळी १.०३ पटीने.

दोन प्रसंगी तक्ता पुरेसा पडत नाही. लेखा वर्ष कूपनाच्या तारखेला संपत नसेल, तर आधी पूर्ण कालावधीची ओळ काढावी आणि मग महिन्यांप्रमाणे भाग घ्यावा. दुसऱ्या कालावधीचे दोनच महिने या वर्षात आले, तर ४,७८४ चा तिसरा भाग, म्हणजे १,५९५ व्याजखर्च धरायचा. त्यातले १,३३३ देय कूपन आणि २६२ डिस्काउंट.

दुसरा प्रसंग बाँड मुदतीआधी परत घेण्याचा. दरम्यान बाजाराचा दर कितीही हलला तरी तक्त्यातला ५ टक्के दर बदलायचा नसतो, त्यामुळे बाजारभाव आणि पुस्तकी मूल्य दूर गेलेले असू शकतात. चौथ्या कूपनानंतर कंपनीने बाँड ९९,००० ला परत घेतला, तर पुस्तकी मूल्य ९८,१४१ असल्याने ८५९ तोटा त्याच दिवशी नोंदवायचा. न उतरलेला १,८५९ डिस्काउंटही तेव्हाच खात्यातून निघून जातो.