वाहतुकीच्या तक्त्यात एक घर कमी भरलं, तर

कमीत कमी खर्चात माल कुठून कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या तक्त्यात भरलेली घरं 'ओळी + स्तंभ − 1' पेक्षा कमी असली की u-v काढताना, म्हणजे भरलेल्या प्रत्येक घराचा दर ओळीचा u आणि स्तंभाचा v यांत विभागताना, गणित अडतं. समजा देवळी, पुलगाव, आर्वीहून 20, 30, 50 क्विंटल कापूस तीन जिनिंगला 20, 40, 40 असा द्यायचा आहे. वायव्य कोपऱ्यापासून भरत गेलं की देवळीचा माल आणि पहिल्या जिनिंगची गरज एकदमच संपते. पाचऐवजी चारच घरं भरतात.

अशा वेळी देवळीच्या ओळीतलं किंवा पहिल्या जिनिंगच्या स्तंभातलं सर्वांत स्वस्त रिकामं घर घ्या आणि त्यात ε, म्हणजे जवळपास शून्य, लिहा. पुढे नेहमीसारखं सोडवा. शेवटी ε पुसून टाका.

पुलगाव–तिसरी जिनिंग हे घर मात्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तिथे बंद फेरा तयार होतो आणि आर्वीचा u शून्य धरला तरी देवळीचा निघतच नाही.