घरमालकाकडे पॅन मागताना

नोकरीचं पहिलंच वर्ष, लातुरात भाड्याची खोली. जानेवारीत अकाउंट्सवाल्यांनी भाड्याच्या पावत्या आणि घरमालकाचा पॅन मागितला. भाडं महिना ११,०००, म्हणजे वर्षाचे १,३२,०००. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की पॅन द्यावाच लागतो. (हे सगळं जुनी कररचना घेतली असेल तरच. नवीत घरभाडे भत्त्यावर सूटच नाही, मग मालकाला कशाला छळायचं?)

माझा मूळ पगार ४५,००० आणि भत्ता १३,५००. तीन आकड्यांतला सर्वांत लहान तेवढी सूट: वर्षाचा भत्ता १,६२,०००, मूळ पगाराचे ४० टक्के, म्हणजे २,१६,०००, आणि भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरलेले ७८,०००. तेव्हा ७८,००० वरचा कर वाचणार होता.

काकांना जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाले, "आमच्या मागं काही लचांड लागणार नाही ना?" उत्तर काही सुचलं नाही. मग रात्री बसून चिठ्ठी लिहिली:

"ती. काकांना सा. न.
एप्रिल ते मार्चचं भाडं दरमहा ११,००० रुपये मी आपल्याला देत आहे. कंपनीत दाखवण्यासाठी त्याच्या पावत्या व आपला पॅन क्रमांक हवा आहे. हे भाडं आपल्या नावावर उत्पन्न म्हणून दिसेल, हे आधीच सांगतो. त्यातून ३० टक्के वजावट मिळते, म्हणजे १,३२,००० पैकी ९२,४०० च धरले जातील. पॅन नसल्यास नाव-पत्त्यासह तसं लेखी द्यावं. पावत्या मी लिहून आणतो, आपण फक्त वाचून सही करावी."

"उत्पन्न म्हणून दिसेल" हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते लपवलं असतं आणि पुढे नोटीस आली असती, तर खोली गेली असती. शिवाय काकांचं बाकी उत्पन्न शेतीचं, औशाकडं सोयाबीन. शेतीचं उत्पन्न करमुक्त आणि दुसरी कमाई नाही, म्हणून ९२,४०० वर कर बसणारच नव्हता.

काकांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि आत हाक मारली, "अगं, घर तुझ्या नावावर हाय की!" तिथेच माझी चूक कळली. करारात मालक म्हणून काकू होत्या आणि मी पावत्या काकांच्या नावानं लिहून नेल्या होत्या. त्यांवर काकांचा पॅन टाकला असता तर नाव, सही आणि करार यांचा मेळच बसला नसता. बाराही पावत्या फाडल्या आणि काकूंच्या नावानं पुन्हा लिहिल्या: महिना, रक्कम अंकी-अक्षरी, घराचा पत्ता, पैसे कसे दिले, पॅन, सही. दोन महिने रोख दिले होते, त्या दोन पावत्यांवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही घेतली. बाकी यूपीआयनं गेलेले, त्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं.

यंदा करार करतानाच, एप्रिलमध्ये, काकूंचा पॅन करारात लिहून घेतला.