स्प्लिट एसीची जाळी घरच्या घरी कशी धुवावी आणि किती दिवसांनी

एसी रिमोटने बंद करून भिंतीवरचे मुख्य बटणही बंद करावे. आतल्या युनिटचे पुढचे झाकण दोन्ही कडांना धरून वर उचलले की ते तिथेच अडकून राहते आणि समोर बहुतेक एसींमध्ये प्लास्टिकच्या चौकटीतल्या दोन बारीक जाळ्या दिसतात. जाळीची खालची पकड किंचित वर ढकलून ती हलकेच खाली ओढावी. मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना हात लावू नये. त्या बोट कापण्याइतक्या धारदार असतात आणि सहज वाकतात.

धुण्यापूर्वी जाळी कोरडीच असताना बाहेरच्या बाजूने मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने धूळ काढावी, कारण थेट पाणी घातले तर धुळीचा चिखल होऊन तो छिद्रांत बसतो. मग जाळी उलटी धरून, म्हणजे एसीच्या आत असलेल्या बाजूने, नळाची मध्यम धार सोडावी. धूळ बाहेरच्या बाजूने येऊन अडकलेली असते, त्यामुळे ती आल्या वाटेने परत निघून जाते. सुलट्या बाजूने धार मारली तर उरलेली धूळ आणखी आत रुतते.

आमच्या बैठकीला लागूनच स्वयंपाकघर आहे. तिथल्या जाळीवर फोडणीचा तेलकट थर बसतो आणि पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळून जातात. तसे दिसले की कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब घालून जाळी दहा मिनिटे बुडवून ठेवावी. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे, नाहीतर चौकट वाकते आणि कडेच्या फटीतून न गाळलेली हवा आत जाते. याच कारणाने जाळी उन्हात न ठेवता सावलीत उभी करून पूर्ण वाळवावी. ओली जाळी बसवली तर कुबट वास येतो. ती वाळेपर्यंत एसी मुळीच चालवू नये, कारण जाळीशिवाय धूळ थेट कॉइलवर बसते. मोठ्या जाळीवर लहान कार्बनची पट्टी असल्यास ती आधी काढून ठेवावी. अशा बऱ्याच पट्ट्या धुण्याजोग्या नसतात.

रोज वापर असेल तर दोन आठवड्यांनी धुणे बहुतेक घरांना पुरते, पण घराशेजारी बांधकाम चालू असेल, घर रहदारीच्या रस्त्यावर असेल किंवा घरात मांजर-कुत्रे असेल तर दर आठवड्याला धुवावी. आपल्या घराचा हिशेब ठरवायला पंधराव्या दिवशी जाळी ट्यूबलाइटसमोर धरावी: छिद्रांतून उजेड स्वच्छ येत असेल तर अजून आठवडाभर थांबता येते, करडा पडदा दिसला तर अंतर निम्मे करावे. स्वच्छ जाळी बसवूनही वारा मंद येत असेल किंवा कॉइलवर बर्फ दिसत असेल, तर एसी बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. मळ बहुधा कॉइलपर्यंत पोचलेला असतो किंवा गॅस कमी झालेला असतो.