प्रक्षुब्ध रुग्णासमोर उभे राहताना

मनोरुग्ण विभागात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना मी सर्वप्रथम उभे कोठे राहायचे ते दाखवते, कारण चिडलेला माणूस आपले शब्द ऐकण्याआधी आपला पवित्रा पाहतो. त्याच्यापासून किमान दोन हात अंतर ठेवावे, अगदी समोरासमोर न येता किंचित तिरके उभे राहावे आणि तळहात दिसतील असे हात मोकळे ठेवावेत. दार आपल्या आवाक्यात असावे, पण रुग्णाची वाटही अडता कामा नये. आपण कोंडले गेलो असे वाटले की भेदरलेला माणूस अंगावर येऊ शकतो. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी आधीच काढून ठेवावी.

हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचे औषध नुकतेच सुरू झालेला एक तरुण रुग्ण संध्याकाळी वॉर्डात येरझारा घालत होता. "मला आत्ताच्या आत्ता घरी सोडा," असे ओरडत तो काउंटरवर हात आपटू लागला, तेव्हा तिघे जण एकदमच त्याला समजावू लागले आणि त्याचा आवाज आणखी चढला. मी सहकाऱ्यांना मागे थांबायला सांगितले, इतर रुग्णांना दुसरीकडे नेण्याची खूण केली आणि एकटीच बोलले: "मी इथली सिस्टर. तुम्ही फार अस्वस्थ दिसताय. काय होतंय, ते मला सांगा." त्यानंतर मी गप्प राहिले. "शांत व्हा" असे म्हणणे मी टाळते, कारण रुग्णाला तो हुकूम वाटतो. तो पुन्हा ओरडला, तेव्हा मी तेच वाक्य त्याच सुरात म्हटले. प्रक्षुब्ध मनाला एकच गोष्ट अनेकदा ऐकावी लागते.

मग मर्यादा सांगितली: "काउंटरवर हात आपटू नका, मला नीट ऐकू येत नाही. चालत बोलू या, की त्या खुर्च्यांवर बसून?" तो म्हणाला, "बसवतच नाही हो, पाय थांबत नाहीत." उभा असतानाही तो सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. ही अकाथिसिया, म्हणजे औषधामुळे येणारी असह्य चुळबुळ असावी, अशी शंका मी डॉक्टरांना कळवली. तिला केवळ आजाराचा उद्रेक समजून त्याच औषधाचा डोस वाढवला असता, तर त्रास वाढलाच असता. डॉक्टरांनी तपासून डोस कमी केला आणि प्रोप्रॅनोलॉल दिले. घरी सोडण्याचे खोटे आश्वासन मी दिले नाही. "हा निर्णय डॉक्टर घेतील, तुमचे म्हणणे मी त्यांच्यापर्यंत पोहोचवते," एवढेच सांगितले.

प्रत्येक वेळी बोलणे पुरे पडत नाही. रुग्णाच्या हाती इजा करणारी वस्तू असेल, तो अंतर कमी करत येत असेल किंवा ओरडता ओरडता एकाएकी गप्प होऊन रोखून पाहू लागला, तर विद्यार्थ्याने पाठ न फिरवता मागे सरावे आणि मदत बोलवावी. त्याला एकट्याने धरण्याचा प्रयत्न करू नये. प्रसंग निवळल्यावर रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह नोंदवावेत. "रुग्ण आक्रमक होता" एवढ्याच नोंदीत पायांची ती तक्रार हरवून गेली असती.