विक्रीची बिलं किती तपासायची?

ऑडिटला नवीन आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "बिलं किती काढू?" मी विचारते, "चूक कुठली शोधायची आहे?" विक्री फुगवली आहे का, हे पाहायचं तर विक्री नोंदवहीतून बिलं उचलायची आणि माल पाठवल्याच्या कागदांशी ताडायची. विक्री दडवली आहे का, हे पाहायचं तर उलट माल पाठवल्याच्या चलनांपासून निघायचं. जे बिल नोंदलंच नाही, ते नोंदवहीतून कसं सापडणार?

समजा प्रश्न फुगवलेल्या विक्रीचा आहे. एकूण विक्री ६ कोटी, बिलं ४,००० आणि सगळी यादी संगणकात. अशा वेळी मी सांख्यिकी पद्धत घेते, त्यातही रकमेनुसार निवड. सहनीय चूक, म्हणजे जास्तीत जास्त किती चूक चालवून घेऊ ती रक्कम, ३० लाख ठरवली. हा आकडा महत्त्व-मर्यादेवरून, म्हणजे केवढ्या चुकीने हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल यावरून येतो, सोयीवरून नाही. ९५ टक्के खात्री हवी आणि चूक अपेक्षित नसेल तर गुणक ३. म्हणून ३० लाख भागिले ३, म्हणजे १० लाखांचं अंतर आणि साधारण ६० नमुने. पहिल्या १० लाखांत कुठेतरी रँडम सुरुवात करायची आणि चढत्या बेरजेत दर १० लाखांवर जे बिल येईल ते घ्यायचं. १० लाख किंवा त्याहून मोठं बिल आपोआपच येतं. क्रेडिट नोटा मात्र आधी वेगळ्या काढा, नाहीतर ही बेरीज बिघडते.

आता २ लाखांच्या एका बिलात ५० हजार जास्त लावलेले सापडले. चूक २५ टक्के, म्हणून त्या अंतराची अंदाजित चूक अडीच लाख. बरेच जण इथे हुश्श करतात. पण चूक एकही नसती तरी वरची मर्यादा, म्हणजे ९५ टक्के खात्रीने एकूण चूक जास्तीत जास्त किती असू शकते तो आकडा, ३० लाखच होती. आता हे अडीच लाख आणि त्यावर अनिश्चिततेची भर मिळून ती ३४ लाखांपुढे जाते. म्हणजे विक्री बरोबर आहे असं या नमुन्यावरून म्हणता येत नाही. तपासणी वाढवावी लागते. मागच्या वर्षी चुका निघाल्या असतील, तर अपेक्षित चूक आधीच धरून नमुना मोठा घ्यावा.

बिलं थोडी आणि मोठी असतील तर बिगर-सांख्यिकी पद्धत मला जास्त पटते: मोठी सगळी तपासा, उरलेल्यांतून स्वतःच्या अंदाजाने निवडा. पण म्हणून २५ बिलांवर भागत नाही. सहनीय चूक कमी तितका नमुना मोठा, हे इथेही लागू. सापडलेली चूक उरलेल्या सगळ्या बिलांवर पसरवून पाहावीच लागते. फक्त जोखीम आकड्यात सांगता येत नाही.

निवडलेल्या बिलाचा कागद मिळेना, की "दुसरं घेऊ का?" अशी विचारणा येते. बिल रीतसर रद्द झालं असेल तरच घ्या. नाहीतर दुसरा पुरावा शोधा. तोही मिळाला नाही तर ते चूक म्हणून मोजा.