चार तिमाह्या एका स्लाइडवर: महिन्याला दोन सेंटिमीटर

म्हापशातल्या गोदामाच्या छपरावर सोलर बसवण्याचा वर्षाचा आराखडा एका स्लाइडवर हवा होता. प्रत्येक कामाचा काळ दाखवणाऱ्या पट्ट्या नजरेने ठेवल्या होत्या, त्यामुळे ऑक्टोबरचं काम सप्टेंबरात सुरू होतंय असं दिसायचं. शिवाय 'Q1' म्हणजे कोणी जानेवारी धरे, कोणी एप्रिल.

उपाय मोजमापाचा निघाला. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड 33.87 सेंटिमीटर असते. डावीकडचे 8 सेंटिमीटर कामांच्या नावांना ठेवले, पुढचे 24 बारा महिन्यांना. म्हणजे महिना 2, तिमाही 6. वर 'एप्रिल–जून' असे महिनेच लिहिले.

पट्टीवर राइट क्लिक, Format Shape, मग Size & Properties. तिथे Horizontal position मध्ये हा आकडा टाकायचा:

```
8 + 2 × (1 एप्रिलपासून उलटलेले महिने)
```

1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबरची पट्टी 20 वर सुरू होते, रुंदी 4. खाना इंच दाखवत असेल तर `20 cm` असं टाइप करावं.

टप्पा दाखवणारं शंकरपाळीच्या आकाराचं चिन्ह मात्र फसवतं. हा आकडा आकाराच्या डाव्या कडेचा असतो, मधल्या टोकाचा नव्हे. डिसेंबरच्या मध्याला 25 येतात, 0.6 रुंद चिन्हासाठी 24.7 टाकावे लागतात.

सगळ्यांत मागे जून ते सप्टेंबर फिकट राखाडी पट्टा ठेवला: 12 पासून, रुंदी 8. गोव्यात पावसात छपरावर चढता येत नाही, म्हणून त्यावर फक्त वर्कशॉपमधल्या वेल्डिंगची पट्टी आली. 'चार महिने रिकामे का?' हा प्रश्नच उरला नाही.

ओळी फार झाल्या की अक्षर बारीक करावंसं वाटतं. तेव्हा कामं एकत्र करावीत, अक्षर बारीक करू नये.