कॅरममध्ये राणी घेतली, पण गुण कुणाचे? या चुका टाळा

नवख्या खेळाडूंचे बहुतेक वाद राणीवरून होतात, आणि त्यामागे एकच गैरसमज असतो: राणी पॉकेटमध्ये गेली की तीन गुण आपले झाले. स्पर्धेच्या नियमात तसं नसतं. हे तीन गुण बोर्ड, म्हणजे तो एक डाव, जिंकणाऱ्यालाच मिळतात, तेही सहसा त्याने स्वतः राणी घेऊन कव्हर केली असेल तेव्हाच.

आधी राणी घेण्याचा हक्क बघू. स्वतःची निदान एक सोंगटी पॉकेटमध्ये असल्याशिवाय राणीला हात घालू नये. तशी घेतलेली राणी मध्यभागी परत येते. राणी गेल्यावर लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घ्यावी लागते, यालाच कव्हर म्हणायचं. एकाच फटक्यात राणी आणि आपली सोंगटी दोन्ही गेल्या, तर कव्हर तिथेच झालं. कव्हर हुकलं तर प्रतिस्पर्धी राणी पुन्हा मध्यभागी ठेवतो आणि पाळी त्याच्याकडे जाते. कव्हर करताना फक्त त्याची सोंगटी गेली, तरी ते कव्हर नव्हे. त्याची सोंगटी आत राहते, राणी मात्र बाहेर येते. म्हणून राणीवर नेम धरण्याआधी कव्हरची सोंगटी कुठे आहे ते बघा. पॉकेटच्या तोंडाशी असलेली सोपी सोंगटी आधीच उडवून टाकणं आणि मग कव्हरसाठी चाचपडणं, ही नव्या खेळाडूची ठरलेली चूक.

यापेक्षा महाग चूक शेवटच्या सोंगटीची. तुमची एकच सोंगटी उरली आहे, ती पॉकेटला टेकलेली आहे, राणी अजून बोर्डवर आहे. मोह होतो, पण ती सोंगटी घेतली तर बोर्ड तुम्ही हरलात. राणी आधी, सोंगटी नंतर. प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी तुमच्या फटक्याने गेली आणि राणी बोर्डवरच असली, तरीही बोर्ड तुमच्या हातून जातो. त्यामुळे दोघांपैकी कुणाचीही एकच सोंगटी उरली की फटका मारण्याआधी राणी कुठे आहे ते बघण्याची सवय लावा.

आता हिशोब. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या बोर्डवर उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण मिळतो. स्वतःच्या घेतलेल्या सोंगट्या मोजायच्या नाहीत. हरणाऱ्याला त्या बोर्डचं काहीच मिळत नाही. गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. समजा तुम्ही 18 वर आहात, राणी तुम्ही कव्हर केली आणि सगळ्या सोंगट्या संपवल्या, तेव्हा समोरच्याच्या चार उरल्या होत्या. चार अधिक तीन, म्हणजे सात; तुम्ही 25 वर, गेम संपला. तोच बोर्ड, पण राणी त्याने कव्हर केलेली असती, तर तुम्हाला फक्त चार मिळून 22 झाले असते. त्याने राणी घेतली म्हणून त्याला तीन मिळत नाहीत. ते गुण कुणाच्याच खात्यात जात नाहीत. त्याने मात्र तुमचे तीन गुण अडवले, आणि हरत्या बोर्डवरही राणीसाठी झगडण्यात खरा अर्थ आहे तो हाच.

पुढच्या बोर्डला तुम्ही 22 वर असताना राणी घेतली आणि त्याच्या दोन सोंगट्या उरल्या. अनेकजण पाच गुण मिळवून 27 लिहितात आणि हात मिळवायला उठतात. पण बोर्ड सुरू होताना गुण 22 किंवा जास्त असतील तर राणीचे गुण मिळत नाहीत. 21 पर्यंतच मिळतात. तुमचे झाले 24, आणखी एक बोर्ड खेळावा लागेल. राणी कव्हर करण्याचं बंधन मात्र 22 नंतरही कायम राहतं. घरात काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास असा खेळ चालतो, तो वेगळा. दोन्ही पद्धती मिसळल्या की हिशोब कधीच जुळत नाही.

फाऊल बहुधा स्ट्रायकर ठेवतानाच होतो. स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनना टेकला पाहिजे. टोकाचं लाल वर्तुळ एकतर पूर्ण झाकलं जावं किंवा त्याला अजिबात स्पर्श नको. अर्धवट झाकलं की फाऊल. वरून सरळ बघा, बाजूने फसगत होते. हाताने कोपऱ्यातल्या बाणाची रेषा ओलांडली तरी फाऊलच.

फाऊल झाला किंवा नुसता स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला, तर ड्यू म्हणून तुमची एक सोंगटी बाहेर येते, आणि मधल्या मोठ्या वर्तुळात ती प्रतिस्पर्धी ठेवतो, तुम्ही नाही. अजून एकही सोंगटी घेतलेली नसेल तर ड्यू माफ होत नाही; पहिली सोंगटी मिळताच ती फेडावी लागते. कव्हरच्या फटक्यात फक्त स्ट्रायकर गेला तर राणी परत येतेच, वर ड्यूही लागतो.